‘बघते’ या शब्दाची किंमत

शनिवारी रात्री साडेनऊच्या सुमारास मावशीचा फोन यायचा. “उद्या येतेस ना गं?” आणि मी म्हणायचे, “बघते.”

माझ्या मनात त्याचा अर्थ ‘नाही’ असा असे. डोंबिवलीला मावशीच्या कानावर मात तो ‘हो’ म्हणून पडे. रविवारी सकाळी ती पोह्यांसाठी कांदा चिरून वाट बघत बसे. दहा वाजता तिचा दुसरा फोन येई आणि मी चडफडत ठाणे स्टेशन गाठत असे. जाऊन तरी काय, तोंड पाडून बसायची. दिवस अखेर दोघींचाही वाया.

माझी आई २०१६ साली गेली. “मावशीकडे लक्ष ठेव,” हे तिचं शेवटच्या दिवसांतलं सांगणं. मावशी सत्तरीच्या पुढची, मूलबाळ नाही, काका जाऊनही बरीच वर्षं झालेली. प्रकृतीनं ठणठणीत. पण पासबुक भरून आण, गॅसवाल्याला फोन कर, सोसायटीच्या सेक्रेटरीला दोन शब्द सुनाव, अशी तिची कामं संपत नसत. भाचे-पुतणे आम्ही चौघं आहोत. फोन मात्र मलाच, कारण ‘बघते’ म्हणणारी मी एकटीच.

एकदा वैतागून मी महिनाभर वहीत नोंद ठेवली. फोन आले त्रेसष्ट. त्यांत खरोखरीच्या कामाचे चौदा. या चौदांपैकी माझ्यावाचून अडेल अशी कामं तीनच होती : डॉक्टरांकडची तपासणी, बँकेत द्यायचा हयातीचा दाखला आणि एका मुदतठेवीचे कागद. गोळ्या तर कोपऱ्यावरचा औषधवाला घरपोच देत होता! उरलेले एकोणपन्नास फोन मावशी एकटी होती म्हणून आलेले. वही पाहून राग बराच उतरला. कामं वाटून देता येतात. एकटेपणाला वेळ द्यावा लागतो, पण तो किती आणि कधी, हे ठरवायला कोणाची हरकत नव्हती. मीच ते कधी ठरवलं नव्हतं.

मग एका रविवारी, चहा झाल्यावर, दोघींचाही मूड बरा असताना मी सांगितलं, “मावशी, मी महिन्यातून दोनदा येणार. दुसऱ्या आणि चौथ्या रविवारी, दहा ते चार. आणि बुधवारी रात्री साडेआठला मी आपणहून फोन करणार. ऑफिसात असताना मात्र फोन घेणार नाही.” यात ‘तू सारखा त्रास देतेस’ असं एक अक्षरही नव्हतं. मी काय करणार आणि काय करणार नाही, एवढंच. तिच्या स्वभावाबद्दल बोलले असते तर वाद स्वभावावर गेला असता आणि मूळ मुद्दा तिथेच राहिला असता. शिवाय हे भांडणात सांगितलं असतं, तर ती शिक्षा वाटली असती.

दुसरी शिकलेली गोष्ट म्हणजे कारण न देणं. हे फार जड जातं. आपल्याकडे ‘नाही’ला कारणाची शेपटी लागतेच. पण “पाहुणे येणार आहेत” म्हटलं, की “मग संध्याकाळी ये” हे उत्तर ठरलेलं. कारण दिलं, की समोरच्याला ते खोडायचं काम मिळतं. आता मी म्हणते, “या रविवारी जमणार नाही. पुढच्या रविवारी दहाला येते.” ती म्हणते, “तुला माझी काळजीच नाही.” मी म्हणते, “तुला वाईट वाटलं, कळतंय मला. पुढच्या रविवारी दहाला येते.” ती म्हणते, “तुझी आई असती तर अशी वागली नसती.” इथे पूर्वी मी विरघळायचे. आता म्हणते, “आईची आठवण मलाही येते गं. पुढच्या रविवारी दहाला येते.” मॅन्युएल स्मिथ या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं १९७५ साली ‘नाही’ म्हणण्यावरच एक पुस्तक लिहिलं. त्यात ही युक्ती आहे : जुनी तबकडी एका जागी अडकावी तसं तेच वाक्य, आवाज न चढवता, पुन्हा पुन्हा म्हणायचं.

तिसऱ्या आठवड्यात फोन कमी होण्याऐवजी वाढले. एका दिवसात अकरा. आणि पहिल्या रविवारी सकाळी, “मला चक्कर येतेय.” मी धावत गेले. मावशी दारात उभी, रक्तदाब व्यवस्थित, ओट्यावर कांदा चिरलेला! पुढचा महिना पहिल्यापेक्षा वाईट गेला.

याचं उत्तर कबुतरांनी दिलेलं आहे. स्किनर या शास्त्रज्ञाच्या प्रयोगांत कळ टोचल्यावर दर वेळी दाणा मिळणारं कबूतर, दाणा बंद झाला की लवकर थांबे. अधूनमधूनच दाणा मिळालेलं कबूतर मात्र कितीतरी वेळ टोचत राही. लॉटरीचं तिकीट घेणारा माणूसही असाच चिवट असतो. नऊदा ‘नाही’ म्हणून दहाव्यांदा धावत गेले, की मी मावशीला शिकवते काय? तर दहादा फोन करायला! म्हणून पाळता येईल तेवढीच मर्यादा सांगावी. दोन रविवार जमणार असतील तर दोनच कबूल करावेत, आणि तेवढे पाऊस असला तरी चुकवू नयेत.

पण चक्कर खरी असली तर? त्याची सोय आधीच करायला हवी होती. माझी चूक तिथे झाली. आता शेजारच्या काकूंकडे किल्ली आहे. पडली, छातीत दुखलं, दम लागला, बोलताना जीभ जड झाली, तर काकू लगेच जातात, डॉक्टर किंवा अ‍ॅम्ब्युलन्स येते आणि मीही निघते. वार पाहत नाही. आणखी एक. एरवी नेटकं असणारं माणूस तोच प्रश्न अर्ध्या तासात तीनदा विचारू लागलं, गॅस बंद करायला विसरू लागलं, तर तो हट्टी स्वभाव समजू नये. तिथे ठरीव वाक्यं उपयोगाची नाहीत, आधी डॉक्टरांना दाखवावं.

राहिला प्रश्न स्वार्थीपणाचा. माझ्या मनात तो बराच काळ कुरतडत होता. कि. मो. फडक्यांच्या लेखनामुळे मराठी वाचकाला अल्बर्ट एलिस परिचयाचे आहेत. दुःखापेक्षा दुःखामागचा ‘असंच झालं पाहिजे’ हा हट्ट तपासा, असं ते सांगत. मी माझा तपासला. ‘मावशी माझ्यामुळे कधीच नाराज होता कामा नये’ हा तो हट्ट. ती नाराज होते याचं मला वाईट वाटतं, आणि वाटावंच. पण वाईट वाटणं वेगळं आणि अपराधी वाटणं वेगळं. अपराधी वाटायला आधी काहीतरी चूक केलेली असावी लागते. वही उघडून पाहिली, तर दाखला दिलेला, तपासणी झालेली, दोन्ही रविवार पाळलेले. चूक सापडेना.

नात्यातली मंडळी बोलली, ती बोलणारच. “मावशी रडत होती हो,” असा मामेभावजयीचा फोन आला. तिला म्हटलं, “त्याबद्दल मी मावशीशीच बोलेन. तिसऱ्या रविवारी तुम्ही जाल का?” तिकडून उत्तर आलं, “बघते.”

मावशी अजून शनिवारी कधी कधी फोन करते. परवा बुधवारी मात्र साडेआठचे आठ चाळीस झाले, तेव्हा तिनंच फोन केला, “दहा मिनिटं उशीर झालाय तुला,” आणि सेक्रेटरीनं पाण्याच्या टाकीचं काय केलं ते सविस्तर सांगायला लागली.