घामाचा जमाखर्च : चौविहार, मीठ आणि शहाळे

आपल्या कुटुंबांतील पुष्कळ तरुण, आणि आता चाळिशी ओलांडलेले गृहस्थही, जानेवारीतील मुंबई मॅरेथॉनसाठी पावसाळा सरताच तयारीला लागतात. लांब पल्ल्याच्या सरावाला नेमका ऑक्टोबर मिळतो. पाऊस थांबलेला, वारा पडलेला आणि हवा दमट. अशा हवेत पहाटे दोन तास धावणाऱ्याच्या अंगातून किती पाणी व किती मीठ जाते, याची कल्पना बहुतेकांना नसते. त्यातच जो चौविहार आणि नवकारशी पाळतो, त्याचा हिशेब इतर धावपटूंहून अगदी निराळा असतो. धावण्याविषयीची पुस्तके हा हिशेब मांडत नाहीत, म्हणून तो येथे मांडावासा वाटतो.

प्रथम दमट हवेचे पाहू. घाम आला म्हणजे शरीर थंड होते, ही समजूत अर्धीच खरी आहे. घाम त्वचेवरून वाफ होऊन उडाला, तरच तो उष्णता घेऊन जातो. पुण्याच्या किंवा नाशिकच्या कोरड्या हवेत तो लवकर उडतो. मुंबईत मात्र हवेत आधीच बाष्प भरलेले असल्याने तो उडत नाही, नुसता टपटपत राहतो. टपकलेल्या थेंबाने पाणी गेले, मीठ गेले, पण गारवा काही मिळाला नाही. शरीर तापलेलेच राहते आणि म्हणून आणखी घाम काढते. पुण्याहून आलेला धावपटू मुंबईत त्याच वेगाने धावू लागला की लवकर गळून जातो, याचे कारण हेच. शरीराला या हवेची सवय होण्यास दहा ते चौदा दिवस लागतात. सवय झाल्यावर घाम लवकर सुटतो, पण त्यातील मीठ कमी होते.

आता प्रत्यक्ष हिशेब. तो करण्यास साधा वजनकाटा पुरतो, आणि काट्याची सवय आपल्याला पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. धावण्यापूर्वी लघुशंका उरकून, अंगावर कमीत कमी कपडे ठेवून वजन करावे. परत आल्यावर ओले कपडे काढून, अंग कोरडे पुसून पुन्हा करावे. उदाहरणादाखल, निघताना वजन 68 किलो होते, दोन तासांनी 66.1 भरले आणि वाटेत अर्धा लिटर पाणी प्यायले गेले असे समजू. काट्यावरची घट 1.9 किलो. त्यात प्यायलेले अर्धा लिटर मिळवले की एकूण घाम झाला 2.4 लिटर, म्हणजे ताशी 1.2 लिटर. दमट हवेत ही काही फार मोठी रक्कम नव्हे.

वजनाच्या सुमारे दोन टक्क्यांपर्यंतची घट निरोगी माणसाला सहसा सोसते. त्यापुढे नाडी चढते, अंग तापते आणि पाय जड होतात. 68 किलोच्या माणसाला ही मर्यादा सुमारे 1.36 किलोची. आपल्या उदाहरणातील गृहस्थ ती ओलांडून गेले आहेत. त्यांनी वाटेत साधारण एक लिटर, म्हणजे दर पंधरा मिनिटांनी लहानसा पेलाभर पाणी घेतले असते, तर ते मर्यादेत राहिले असते.

हेच गृहस्थ चौविहार आणि नवकारशी करणारे असतील तर काय होईल? ऑक्टोबरात मुंबईत सूर्यास्त सव्वासहाच्या सुमारास आणि सूर्योदय साडेसहाच्या सुमारास होतो. नवकारशी त्यानंतर 48 मिनिटांनी, म्हणजे सव्वासातनंतर. घशाखाली पाणी न जाता तेरा तास होतात. या काळात श्वास, त्वचा आणि लघवी यांवाटे अर्धा किलो किंवा त्याहून अधिक पाणी गेलेले असते. पहाटे साडेपाचला ते धावू लागतात तेव्हा खाते आधीच नावे पडलेले असते. 1.36 मधून अर्धा किलो वजा केला की उरतात जेमतेम 0.86. ताशी 1.2 लिटर या दराने ही शिल्लक पाऊण तासात संपते. दोन तासांची धाव पाण्याविना पुरी करणाऱ्याची घट चार टक्क्यांपाशी पोहोचते, आणि ती धोक्याची आहे. म्हणून माझे स्पष्ट मत असे की, या व्रतात असताना पहाटेची धाव पाऊण तासाच्या पलीकडे नेऊ नये. रविवारची लांब धाव नवकारशी पाळून अर्धा लिटर पाणी घेतल्यावर, वीस-पंचवीस मिनिटे थांबून, सावलीच्या रस्त्याने सुरू करावी. ऊन वाढलेले असेल, म्हणून अंतर कमी ठेवावे आणि मध्ये मध्ये चालावे. उपवासाच्या दिवशी, अठ्ठाईत वा पारण्याच्या आदल्या-नंतरच्या दिवसांत लांब धाव नकोच.

स्पर्धेच्या दिवशी लांब पल्ल्याच्या धावा सूर्योदयापूर्वीच सुटतात, तेथे ही युक्ती चालत नाही. तिविहारात पाण्याची मोकळीक असते. परंतु कोणते पच्चक्खाण घ्यावे हा प्रश्न प्रशिक्षकाचा नव्हे. तो काही आठवडे आधी गुरुमहाराजांपुढे ठेवावा, आदल्या रात्री स्वतःच्या सोयीने सोडवू नये.

व्रतात राहूनही आदल्या दिवशी बरेच साधता येते. पाच वाजून गेल्यावर एकदम लिटरभर पाणी ढोसले तर ते तासा-दोन तासांत लघवीवाटे निघून जाते. दुपारपासून थोडे थोडे प्यावे आणि शेवटचे पाणी संध्याकाळच्या जेवणाबरोबर घ्यावे. जेवणात मीठ नीट असावे, कारण पाणी शरीरात धरून ठेवण्याचे काम मिठातील सोडियम करते. खिचडी, भाजलेला पापड, खाकरा हे या दृष्टीने उत्तम. खारे ताकही उत्तमच. मात्र द्विदलाची मर्यादा पाळणाऱ्या घरांत ते मुगाच्या खिचडीबरोबर न घेता दुपारी वेगळे घ्यावे. पाणी उकळलेले असले म्हणून या हिशेबात काही फरक पडत नाही.

आता मीठ आणि शहाळे. एक लिटर घामात साधारण 900 मिलिग्रॅम सोडियम जाते. व्यक्तीनुसार हे प्रमाण निम्म्यापासून दुपटीपर्यंत बदलते. ज्याच्या काळ्या बनियनवर वाळल्यानंतर पांढरे पट्टे उमटतात, तो खारट घामाचा समजावा. वरच्या 2.4 लिटर घामात सुमारे सव्वादोन ग्रॅम सोडियम गेले, म्हणजे जवळजवळ सपाट चमचाभर मीठ. पोटॅशियम मात्र घामात फार थोडे असते, लिटरमागे दोन-तीनशे मिलिग्रॅमच्या आतबाहेर.

शहाळ्याचे नेमके उलट आहे. त्याच्या शंभर मिलिलिटर पाण्यात पोटॅशियम सुमारे 200 मिलिग्रॅम असते. सोडियम त्या मानाने पुष्कळच कमी असते आणि झाडागणिक बदलते. एका शहाळ्याने गेलेले पोटॅशियम भरून निघते, सोडियमची बाजू मात्र रितीच राहते. धावून आल्यावर तीन शहाळी प्यायली तरी पाय वळायचे थांबत नाहीत अशी तक्रार ऐकू येते. पाय वळण्यास थकव्यासह अनेक कारणे असतात, पण शहाळ्याने मिठाची भरपाई होत नाही हे नक्की. म्हणून शहाळे टाकू नये, त्यात मीठ घालावे. एका शहाळ्याचे सुमारे 300 मिलिलिटर पाणी, 700 मिलिलिटर उकळून गार केलेले पाणी, पाव चमचा मीठ, चार चमचे साखर आणि अर्धे लिंबू, हे मिश्रण दोन तासांच्या धावेला पुरेसे होते. शहाळे न मिळाल्यास साधे पाणी घेऊन साखर आठ चमचे करावी. सैंधव किंवा काळे मीठ वापरले तरी चालते, कारण तेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच. फक्त रक्तदाबासाठी मिळणारे ‘कमी सोडियमचे’ मीठ येथे नको, कारण त्यात सोडियम कमी करून पोटॅशियम क्लोराइड घातलेले असते.

शहाळ्यालाही मर्यादा आहे. 2014 मध्ये अमेरिकेतील एका वैद्यकीय नियतकालिकात एका टेनिसपटूची हकीकत आली होती. कडक उन्हात दिवसभर खेळताना त्याने आठ बाटल्या, म्हणजे अडीच लिटरहून अधिक नारळपाणी प्यायले. रक्तातील पोटॅशियम इतके चढले की हृदयाचे ठोके बिघडून तो कोसळला; उपचारांनी तो वाचला. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी, तसेच रक्तदाबाच्या काही गोळ्या (उदाहरणार्थ रॅमिप्रिल, टेल्मिसार्टन, स्पायरोनोलॅक्टोन) घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय शहाळ्याचा रतीब लावू नये. रक्तदाब असलेल्या वडीलधाऱ्यांनी धावपटूंचे मिठाचे प्रमाणही उचलू नये; ज्याला घाम गेला, मीठ त्यालाच.

पाणी अति पिणे हीदेखील चूक आहे, आणि ती जिवावर बेतू शकते. 2002 च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये 488 धावपटूंचे रक्त तपासले गेले, तेव्हा 13 टक्के जणांच्या रक्तात सोडियम कमी आढळले. त्याचा सर्वांत मोठा संबंध होता धावताना वाढलेल्या वजनाशी. हे लोक घामापेक्षा जास्त पीत होते. क्षारयुक्त पेय घेतले म्हणून संकट टळत नाही, कारण त्या पेयात रक्ताहून सोडियम फारच कमी असते. धावून आल्यावर वजन वाढलेले, अंगठी घट्ट झालेली, मळमळ आणि डोकेदुखी असे चित्र असेल तर आणखी पाणी पाजू नये, रुग्णालय गाठावे. याउलट कोणी उन्हात असंबद्ध बोलू लागला, तोल जाऊ लागला, तर तो उष्माघात समजून तत्काळ सावलीत न्यावे, अंगावर भरपूर गार पाणी ओतावे, वारा घालावा आणि 108 ला फोन करावा. शुद्ध हरपत असलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घालू नये.

शेवटी बाजारातील वस्तूंविषयी. धावपटूंसाठी मिळणाऱ्या मिठाच्या कॅप्सूलचे बाह्य कवच पुष्कळदा जिलेटिनचे, म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्यापासून केलेले असते. वेष्टनावर ‘हायप्रोमेलोज’ किंवा वनस्पतिजन्य कवच असे लिहिलेले असेल तरच ती घ्यावी. वाटेत चोखण्याच्या गोड जेलमध्ये काही वेळा मध असतो, तेही वाचून पाहावे. औषधाच्या दुकानातील जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राची ओआरएसची पुडी या दोन्ही बाबतींत निश्चिंत करते: लिटरमागे 2.6 ग्रॅम मीठ, 13.5 ग्रॅम ग्लुकोज, 1.5 ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि 2.9 ग्रॅम ट्रायसोडियम सायट्रेट. मात्र ती पूर्ण एक लिटर पाण्यातच कालवावी. पेलाभर पाण्यात पुडी रिकामी करणारे पुष्कळ आढळतात, आणि मग जुलाब होतात.