सहा डिसेंबरची पुस्तकखरेदी : यादी करा, पाकीट ठरवा आणि मगच हात घाला

दर वर्षी सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर अभिवादन करून माणूस शिवाजी पार्ककडे वळला, की पुस्तकांच्या स्टॉलच्या रांगा सुरू होतात. नागपूरला दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनालाही असेच दृश्य असते. गावाकडून आलेली मंडळी भाकरीचे फडके आणि पुस्तकांची पिशवी एकाच हातात धरून फिरतात. आम्हीही त्यांतलेच. परंतु घरी येऊन पिशवी उलटी केल्यावर दोन गोष्टी ध्यानात येतात. एक म्हणजे गाडीभाड्याचे पैसे कमी पडले, आणि दुसरी म्हणजे जे पुस्तक घ्यायला गेलो होतो तेच राहून गेले! असे आमच्या घरी बरेचदा झाले. त्यातून आम्ही जी पद्धत बसवली ती वाचक बंधू-भगिनींपुढे मांडत आहोत.

घरातले कपाट आधी पाहा

खरेदीची सुरुवात दादरला होत नाही, घरच्या फळीपाशी होते. निघण्याच्या आधीच्या रविवारी आम्ही घरातील पुस्तके खाली काढतो आणि वहीच्या एका पानावर काय काय आहे ते लिहितो. हे कशासाठी? तर बाबासाहेबांचा एकच ग्रंथ वेगवेगळ्या नावांनी मिळतो. १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेले आणि न झालेले ते भाषण मराठीत कुठे ‘जातिसंस्थेचे उच्चाटन’, तर कुठे ‘जातिभेद निर्मूलन’ अशा नावाने छापलेले असते. आम्ही एका वर्षी निराळे पुस्तक समजून तेच दुसऱ्यांदा आणले. चिरंजीवांनी पहिले पान वाचले आणि म्हणाले, “बाबा, हे तर आपल्याकडे आहे!” महाराष्ट्र शासनाच्या इंग्रजी ग्रंथमालेचा पहिला खंड ज्यांच्या घरी आहे, त्यांच्याकडे हे भाषण मूळ इंग्रजीत आधीपासून आहे. त्याच मालेच्या सातव्या खंडात शूद्रांविषयीचा आणि अस्पृश्यांविषयीचा असे दोन्ही ग्रंथ एकत्र आहेत. म्हणून घरी कोणते खंड आहेत त्यांचे आकडे वहीत हवेतच.

त्याच पानाच्या मागे हव्या असलेल्या पुस्तकांची यादी करावी. नुसते नाव पुरत नाही. लेखक, अनुवादक, खंड, आणि घरात ते कोण वाचणार, हे चारही लिहावे. “कोण वाचणार” या रकान्यात नाव सुचत नसेल तर ते पुस्तक यादीत खाली जाते. आमच्या यादीचे दोनच भाग असतात : यंदा घ्यायचेच, आणि स्वस्तात मिळाले तर. पहिल्या भागात तीनपेक्षा जास्त नावे आम्ही ठेवत नाही.

तीन पाकिटे

पैशांचे म्हणाल तर जाण्या-येण्याचे भाडे आणि खाण्याचे पैसे पुस्तकांच्या पैशांत मिसळू नयेत. ते घरातील बाईमाणसाकडे वेगळे द्यावेत. पुस्तकांसाठी जे उरतील त्यांची तीन पाकिटे करावीत : एक यादीचे, एक मुलांचे, आणि एक अचानक समोर येणाऱ्या पुस्तकाचे. अचानकचे पाकीट ठेवले नाही तर मन मोडते आणि हात यादीच्या पैशांत जातो, हा आमचा अनुभव आहे. दिनदर्शिका, बिल्ले, तसबिरी यांचा खर्च पुस्तकांत धरू नये. तो हवा असेल तर आधीच वेगळा काढावा.

हल्ली बरेच जण फोनने पैसे देतात. सोय आहे खरी, पण किती गेले ते हाताला कळत नाही. शिवाय एवढ्या गर्दीत फोन चालेलच असे नाही. म्हणून आम्ही रोख रक्कमच नेतो आणि सुटे पैसे करून ठेवतो.

गेल्या वर्षी आम्ही हजार रुपये नेले होते. साडेसहाशे यादीचे, दोनशे मुलांचे, दीडशे अचानकचे. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ची घरची प्रत फाटली होती. नवीवर छापील किंमत चारशे होती, पंचवीस टक्के सुटीने तीनशेला मिळाली. थोरल्या मुलीसाठी मराठीतील संविधान दोनशे वीसचे होते, ते एकशे शहात्तरला पडले. आईसाठी मोठ्या टायपातील चरित्र हवे होते, ते सूट जाऊन दोनशेचे झाले. तिन्हींची बेरीज सहाशे शहात्तर, म्हणजे यादीच्या पाकिटापेक्षा सव्वीस रुपये जास्त. ते सव्वीस आम्ही अचानकच्या पाकिटातून घेतले. तिथे उरलेल्या एकशे चोवीसमधून एक जुने पुस्तक साठ रुपयांना आणले. मुलांनी एकशे ऐंशी खर्च केले. घरी आलो तेव्हा चौऱ्याऐंशी रुपये शिल्लक होते.

पहिली फेरी रिकाम्या हाताने

पहिल्या फेरीत आम्ही काही विकत घेत नाही. बाबासाहेबांच्या लेखनावरील स्वामित्वहक्काची मुदत २०१६ च्या अखेरीस संपली. त्यामुळे त्यांचे मूळ ग्रंथ आता अनेक प्रकाशक छापतात. एकाच ग्रंथाच्या चार प्रती चार किमतींच्या दिसतात, त्याचे हे कारण आहे. अनुवाद मात्र ज्याचा त्याचा निराळा असतो. पहिल्या फेरीत वहीत किंमत, सूट आणि स्टॉलची खूण लिहावी. नाव गर्दीत आठवत नाही, म्हणून “पाण्याच्या टाकीसमोर, निळा कापडी फलक” अशी खूण बरी. दुसऱ्या फेरीत घ्यावे. जड पुस्तके सर्वांत शेवटी घ्यावीत, नाहीतर दिवसभर ओझे वाहावे लागते. याला एकच अपवाद आहे : जुने, एकुलते एक पुस्तक. ते परत येईपर्यंत राहत नाही. त्याचा निर्णय तिथेच, अचानकच्या पाकिटातून करावा.

सुटीच्या फलकाने भुलू नये. “पाच पुस्तकांचा संच, तीस टक्के सूट” असे लिहिलेले असते. नऊशेचा संच सहाशे तीसला मिळतो, म्हणजे दोनशे सत्तर वाचले असे वाटते. पण त्यांतील दोनच पुस्तके हवी असतील, एक एकशे ऐंशीचे आणि एक एकशे साठचे, तर सुटी घेऊन वीस टक्के सुटीने ती दोनशे बहात्तरला पडतात. संच घेतला तर नको असलेल्या तीन पुस्तकांचे तीनशे अठ्ठावन्न रुपये जास्त जातात. आणखी एक गोष्ट : किमतीवर चिकटपट्टी लावून मोठा आकडा लिहिलेला असेल तर आतल्या पानावर, जिथे प्रकाशकाचे नाव आणि आवृत्ती असते, तिथली किंमत पाहावी. सूट त्या किमतीवर मागावी. छापील पुस्तकांवर जीएसटी नाही, तेव्हा त्या नावाने कोणी वर पैसे मागितले तर देऊ नयेत.

दोन मिनिटांची तपासणी

आता सर्वांत महत्त्वाचे. काही वर्षांपूर्वी आम्ही एक जाड चरित्रग्रंथ घेतला. महिनाभराने वाचत वाचत पृष्ठ १४४ पर्यंत आलो, आणि पुढे एकदम १६१! मधली सोळा पृष्ठे नव्हतीच. विक्रेता परगावचा, पावती घेतलेली नाही, मग दाद कुठे मागणार? नंतर छापखान्यात काम करणाऱ्या एका मित्राने कारण सांगितले. पुस्तक एकेक पान करून छापत नाहीत. मोठ्या कागदावर बहुधा सोळा पृष्ठे एकदम छापून त्याची घडी घालतात. तिला फर्मा म्हणतात. बांधणी करताना एखादा फर्मा सुटतो, दोनदा लागतो किंवा उलटा बसतो. आमच्या पुस्तकातला दहावा फर्मा सुटला होता.

म्हणून प्रत्येक पृष्ठ पाहायची गरज नाही. सोळाच्या पटीत पाहावे : १६ नंतर १७, ३२ नंतर ३३, ४८ नंतर ४९. सुरुवातीच्या प्रस्तावनेमुळे हा आकडा थोडा पुढे-मागे होतो. तेव्हा अंगठ्याने पाने सोडत कोपऱ्यातील आकडे पळते पाहावेत. कोरे पान आणि पुसट छपाईही त्यातच दिसते.

दुसरे, बांधणी पाहावी. पुस्तक मिटून पाठीकडची वरची कड बघावी. घड्यांचे छोटे छोटे गठ्ठे दिसले तर शिलाई आहे. सगळी सुटी पाने सपाट डिंकात बसवलेली दिसली तर ती गमची बांधणी. गमची बांधणी वाईटच असते असे नाही, पण मध्यावर हलके उघडताना कडकड आवाज आला किंवा पान सैल वाटले तर दुसरी प्रत मागावी. घरात जे पुस्तक रोज वाचले जाते त्याला शिलाईच हवी.

तिसरे, ग्रंथ पूर्ण आहे का? ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या मूळ ग्रंथाचे आठ भाग आहेत. अनुक्रमणिकेत आठ दिसले नाहीत तर प्रत संक्षिप्त आहे असे समजावे. “संक्षिप्त” हा शब्द मुखपृष्ठावर नसून आत बारीक अक्षरांत असू शकतो. मग मधलेच एक पान काढून हळू आवाजात वाचावे. वाक्य दोनदा वाचूनही कळले नाही तर अनुवाद दुसरा पाहावा.

जुन्या पुस्तकाचे निराळे. त्याला आधी वास घ्यावा. ओलसर, कुबट वास असेल तर बुरशी आहे, ती घरच्या पुस्तकांनाही लागते. आरपार बारीक भोके किंवा मातीच्या रेघा दिसल्या तर कीड किंवा वाळवी समजावी आणि पुस्तक तिथेच ठेवावे. शेवटच्या पानाचा कोपरा बोटाने किंचित वाकवून पाहावा. कागद लवचीक असेल तर पिवळेपणाची चिंता नको. पण कोपरा मोडायला लागला तर ते वाचता वाचता हातात चुरा होणारे पुस्तक आहे. समासातील पेन्सिलीच्या खुणा, कोणाचे नाव, मळके मुखपृष्ठ, यांनी वाचनाचे काही बिघडत नाही. त्यासाठी भाव मात्र जरूर कमी करून घ्यावा.

शेवटी पावती घ्यावी आणि तिच्यावर विक्रेत्याचा पत्ता व फोन लिहून घ्यावा. घरी पोहोचल्यावर त्याच आठवड्यात पाने पुन्हा एकदा पळती पाहावीत. मागे राहिलेल्या यादीचे पान फाडू नये, पुढल्या वर्षीच्या यादीची सुरुवात तिथूनच होते. आमच्या गेल्या वर्षीच्या पानावर एक नाव शिल्लक आहे, आणि चौऱ्याऐंशी रुपये त्याच वहीत घडी करून ठेवले आहेत.