३१ मार्चचा कागदी नफा

समजा, नाशिकच्या एका द्राक्ष निर्यातदाराने १० मार्चला १०,००० युरोंचे बिल केले. त्या दिवशी युरोचा दर ९० रुपये, म्हणून ईआरपीमध्ये येणे ९ लाखांचे नोंदले गेले. ३१ मार्चला दर ९२ झाला. पैसे अजून आलेले नाहीत, तरी ताळेबंदात येणे त्या दिवसाच्या दराने दाखवावे लागते. म्हणून पुनर्मूल्यांकन करताच प्रणाली २०,००० रुपयांचा नफा नोंदवते. हा अवास्तविक नफा, कारण दर उद्या बदलू शकतो.

बहुतेक ठिकाणी १ एप्रिलला ही नोंद उलटवली जाते आणि येणे पुन्हा ९ लाखांवर येते. २५ एप्रिलला ९१ च्या दराने ९,१०,००० रुपये जमा झाले, की १०,००० रुपयांचा वास्तविक नफा ठरतो. म्हणजे मार्चमध्ये २०,००० नफा, एप्रिलमध्ये निव्वळ १०,००० तोटा आणि एकूण १०,००० नफा.

उलट नोंद राहून गेली, तर नफा ३०,००० दिसतो. ही चूक ओळखता येते: ग्राहकाकडे युरोत बाकी शून्य असते, पण पुनर्मूल्यांकनाच्या खात्यात २०,००० रुपये तसेच उरलेले असतात.