बोजा आधीचा, गहाण नंतरचे : आधी पैसे कोणाला?

समजा, शेवगावात 8 लाखांची जमीन विकली. खरेदीखत झाले, 3 लाख बाकी. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, 1882 च्या कलम 55 नुसार त्या बाकीचा बोजा जमिनीवर आपोआप चढतो. वेगळी नोंदणी लागत नाही.

खरेदीदाराने तीच जमीन बँकेकडे नोंदणीकृत गहाण ठेवून 5 लाख घेतले. ते बुडाले. लिलावात 6 लाख आले.

• बँकेला बाकी ठाऊक होती : आधी विक्रेत्याला 3 लाख, उरलेले 3 बँकेला.
• ठाऊक नव्हती : बँकेला 5, विक्रेत्याला 1.

‘ठाऊक’ कशाने ठरते? खरेदीखतात बाकीचा उल्लेख असेल, तर कलम 3 नुसार बँकेला ती माहीत होती असेच धरले जाते, मग तिने कागद वाचलेला असो वा नसो.

विक्रेत्याला दाव्याची मुदत : 12 वर्षे.