निरोप नसतानाही वाढणाऱ्या पेशी

आतड्याचं अस्तर चार-पाच दिवसांत नवं होतं. तिथल्या मूळ पेशी ‘विंट’ हा रासायनिक निरोप मिळाला की विभागतात. एरवी बीटा-कॅटेनिन हे प्रथिन तयार होताच एपीसी आणि साथीदार प्रथिनं त्याला फॉस्फेटची खूण लावतात, मग पेशी ते मोडीत काढते. विंट आला की ही मोडतोड थांबते. साचलेलं बीटा-कॅटेनिन केंद्रकात शिरून विभाजनाची जनुकं चालू करतं.

एपीसी बिघडलं, तर निरोपाविनाच हे घडतं.

१९९१ साली हे जनुक सापडलं, ते आनुवंशिक पॉलिपच्या कुटुंबांमुळे. त्यांच्यात एक प्रत जन्मतःच सदोष. दुसरीही बिघडली, की त्या पेशीतून पॉलिप उगवतो. असे शेकडो! मोठं आतडं काढलं नाही, तर चाळिशीच्या आसपास कर्करोग जवळजवळ ठरलेलाच. घरात असा इतिहास असेल, तर मुलांची तपासणी दहा-बारा वर्षांपासूनच सुरू करावी.