फील्ड टेस्टच्या कागदावरची कमान

काचबिंदूच्या रुग्णाची फाइल उघडली की त्यात हमखास एक कागद निघतो. वर मशीनचे आकडे, उजवीकडे काळपट-करडं गोल चित्र आणि खाली ठिपक्याठिपक्यांचे दोन-चार नकाशे. पेशंट आणि नातेवाईक दोघांचीही नजर आधी करड्या चित्रावर जाते. ‘डॉक्टर, एवढं काळं झालंय?’ हा प्रश्न ठरलेला. खरं तर हा कागद वाचायला शिकताना त्या चित्राकडे सगळ्यात शेवटी बघावं. हम्फ्री मशीनवरची नेहमीची 24-2 चाचणी डोळ्यासमोरच्या फक्त 54 ठिकाणी नजर तपासते आणि शेजारशेजारच्या दोन ठिकाणांमध्ये 6 अंशांचं अंतर असतं. मधली सगळी छटा मशीनने अंदाजाने भरलेली असते.

मोजलेलं खरं काही असेल, तर ते आकडे. प्रत्येक आकडा म्हणजे त्या जागी किती मंद प्रकाश दिसला याचं डेसिबलमधलं माप. आकडा मोठा तर नजर चांगली. 30 च्या आसपासचा आकडा निरोगी डोळ्याचा. 0 म्हणजे मशीनचा सगळ्यात प्रखर ठिपका तेवढा दिसला, आणि `<0` म्हणजे तोही दिसला नाही. 10 डेसिबलचा फरक पडला की प्रकाश दहापट लागतो.

हा कागद पेशंटला जग जसं दिसतं तसा छापलेला असतो. उजव्या डोळ्याच्या कागदावर उजवीकडे, मध्यापासून साधारण 15 अंशांवर, अंधबिंदू असतो. डोळ्याची नस जिथून बाहेर पडते तिथे पडद्यावर प्रकाश टिपणाऱ्या पेशीच नसतात, म्हणून तो प्रत्येकाला असतो. 24-2 मधली दोन ठिकाणं नेमकी त्यावर पडतात. तिथे 0 दिसला म्हणून घाबरायचं कारण नाही. ती दोन ठिकाणं मशीन स्वतःच सोडून देतं, हिशोबात 52 ठिकाणंच धरतं.

आता काचबिंदूत कमान का उमटते ते पाहू. पडद्यावरच्या सगळ्या पेशींचे तंतू नसेकडे धावतात. नाकाच्या बाजूचे तंतू सरळ येतात. कानशिलाकडच्या तंतूंच्या वाटेत मात्र मध्यभागी मॅक्युला, म्हणजे बारीक नजरेची जागा, येते. गावातून न जाता बाहेरून जाणाऱ्या बायपाससारखे हे तंतू तिच्या वरून किंवा खालून वळसा घेतात आणि नसेच्या वरच्या-खालच्या टोकांना शिरतात. वरचे तंतू वरच राहतात, खालचे खालीच. आडवी रेघ ते ओलांडत नाहीत. काचबिंदूचा मार नेमका नसेच्या या दोन टोकांवर आधी बसतो. एक जुडगा सुकला की अंधबिंदूपासून निघून मध्याला वळसा घालत नाकाच्या बाजूला आडव्या रेघेवर टेकणारी कमान नजरेतून जाते. डेन्मार्कच्या यानिक बिएरुम यांनी 1889 च्या सुमारास आपल्या तपासणीच्या खोलीचं दारच पडदा म्हणून वापरून ही कमान शोधली. आजही तिला त्यांचं नाव आहे.

अंधबिंदू मोठा दिसला की काचबिंदू वाढला, असा समज बराच पसरला आहे. मला तो अर्धवट वाटतो. अंधबिंदू चोहोबाजूंनी सारखा फुगलेला असेल, तर आधी दुसरी कारणं शोधावीत: नसेला आलेली सूज, मोठ्या मायनस नंबरच्या डोळ्यात नसेभोवती झिजलेला पडदा, किंवा चाचणीच्या वेळी चुकीची लावलेली भिंग. मेंदूतला दाब वाढल्याने नस सुजली असेल तर काम तातडीचं होतं, आणि काचबिंदूचे थेंब चालू करून ते होणार नाही. काचबिंदूतली वाढ एकीकडे झुकलेली असते, अंधबिंदूच्या वरून किंवा खालून कोयत्यासारखी निघते. शिवाय ठिकाणं 6 अंशांवर असल्याने किंचितशी वाढ 24-2 ला दिसतच नाही; दिसली म्हणजे शेजारचं एखादं ठिकाण पडलेलं आहे.

एक कागद समोर धरू. समजा 58 वर्षांच्या बाईंचा उजवा डोळा आहे. कोपऱ्यात फिक्सेशन लॉस `2/14`. मशीन अधूनमधून अंधबिंदूतच ठिपका दाखवतं. तो ‘दिसला’ म्हणून बटण दाबलं तर नजर हलली असं धरतं. चौदांत दोनदा, म्हणजे चालण्यासारखं. फॉल्स पॉझिटिव्ह 4 टक्के, हेही ठीक. हा आकडा 15 टक्क्यांवर गेला तर पेशंट ठिपका नसतानाही बटण दाबतोय असं समजावं; मग करड्या चित्रात चमकणारे पांढरे डाग येतात आणि खरी कमान झाकली जाते.

आता आकडे. अंधबिंदूच्या लगेच वर 16, त्याच्या आरशातल्या जागी, म्हणजे लगेच खाली, 28. तिथून डावीकडे मध्याच्या वरून जाताना 12, 10, 9. नाकाच्या बाजूला उतरताना 6, आणि आडव्या रेघेच्या अगदी वर 8. रेघेच्या लगेच खाली मात्र 28. हा 20 डेसिबलचा फरक; म्हणजे रेघेच्या वर तोच ठिपका दिसायला शंभरपट प्रकाश लागतो. ही जी पायरी पडते ती तंतूंच्या मांडणीशिवाय दुसऱ्या कशाने सहसा येत नाही. नुसती पापणी खाली आली असती तर सगळ्यात वरची ओळ पडली असती. भिंगाची कड आड आली असती तर कडेची ठिकाणं. आणि पडलेला भाग उभ्या रेघेवर थांबला असता, तर नसेच्या पुढे मेंदूकडे बघावं लागलं असतं.

खाली ‘पॅटर्न डेव्हिएशन’चा नकाशा आहे. डोळ्याचा एकंदर मंदपणा वजा करून उरलेले खड्डे त्यात दिसतात. एकाच अर्ध्या भागात, एकमेकांना लागून, कडेला नसलेली किमान तीन ठिकाणं 5 टक्क्यांच्या चिन्हाची आणि त्यातलं एक 1 टक्क्याचं असेल, तर संशय धरायचा, असा डॉक्टरांमध्ये रुळलेला नियम आहे. बाईंच्या कागदावर त्याहून बरीच जास्त आहेत. MD −3.9 आहे, म्हणजे सरासरी घट फार नाही, PSD 6.5, म्हणजे जी घट आहे ती एका जागी साठलेली. त्यावरच्या ओळीत `Outside Normal Limits`.

तरीही एवढ्यावर निदान होत नाही. पहिल्या चाचणीत अनेकांचा कागद वाईट येतो, कारण खेळ नवा असतो. थकलेल्या पेशंटच्या कागदावर चारही बाजू काळ्या आणि मध्य मात्र चांगला, असंही होतं. म्हणून चाचणी पुन्हा करायची, आणि तीच ठिकाणं पुन्हा पडतात का ते बघायचं. मग नस तपासायची. दोन्हींचं जुळायला हवं, तेही उलटं: डोळ्यात चित्र उलटं पडतं, म्हणून वरच्या कमानीला नसेची खालची कड झिजलेली दिसली पाहिजे. ती निरोगी असेल तर कागदावर विश्वास ठेवू नये.

या बाईंचं पुढे मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तर MD सुधारून −2 पर्यंत येऊ शकतो आणि आकडा वाढला म्हणून घरचे खूश होतात. कमानीची ठिकाणं मात्र पॅटर्न डेव्हिएशनमध्ये जवळपास तशीच राहतील, कारण मोतीबिंदूने केलेला धूसरपणा तिथे आधीच वजा झालेला असतो.