तेलाचे मीटर, पाण्याचे मीटर

पत्र उत्तरपत्रिकेतच चौघडी करून ठेवलेलं होतं. अंतर्गत चाचणीचे पेपर तपासून झाले की आम्ही ते वर्गात वाटतो. मुलं बेरीज पाहतात, सही करतात आणि परत देतात. विद्यापीठाच्या परीक्षेला छायाप्रत मागवा, शुल्क भरा, मग पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करा, असा मोठा रस्ता असतो. चाचणीला त्यातलं काही लागत नाही, त्यामुळे बहुतेक जण सरळ टेबलाशी येऊन ‘मॅडम, इथे एक मार्क द्या ना’ म्हणतात. ही मुलगी आली नाही. डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेली, वर्गात फारसं न बोलणारी. तिने लिहिलं होतं:

‘आदरणीय मॅडम, स. न. वि. वि. प्रश्न ३ (ब) चं माझं उत्तर “१०.८७ मीटर तेल” असं आहे. त्याखाली “युनिट चूक” असा शेरा आहे. हेड लॉस वाहणाऱ्या द्रवाच्या मीटरमध्ये द्यायचा, असं समजून मी तो तेलाच्या मीटरमध्ये दिला. डार्सीच्या सूत्राने ताळा केला तरी हाच आकडा येतो, आकडेमोड मागच्या बाजूला आहे. (अ) मध्ये व्हिस्कॉसिटीच्या युनिटलाही लाल गोल आहे, तेही एकदा पाहावं. (क) मध्ये मी वॉटऐवजी ज्यूल लिहिलं आहे, ती माझीच चूक. माझं समजण्यात काही चुकत असेल तर कृपया सांगावं, नसेल तर उत्तर पुन्हा तपासावं, ही विनंती.’

मार्क वाढवा असं पत्रात कुठेही नव्हतं. खरं सांगायचं तर पहिल्यांदा वाचल्यावर मला थोडा रागच आला. फ्लुइड मेकॅनिक्स शिकवायला लागून बरीच वर्षं झाली की ‘युनिट चूक’ हा शेरा हात आपोआप लिहितो.

गणित साधं होतं. तेलाची व्हिस्कॉसिटी १ पॉइज, सापेक्ष घनता ०.९. पाइप आडवा, १०० मिलिमीटर व्यासाचा, ३०० मीटर लांब. तेलाचा सरासरी वेग सेकंदाला १ मीटर. (अ) प्रवाह कोणत्या प्रकारचा, (ब) घर्षणामुळे होणारा हेड लॉस किती, (क) तेल ढकलायला शक्ती किती लागेल.

उत्तरसूची बाजूला ठेवून मी कोऱ्या कागदावर पेन्सिलीने गणित पुन्हा सोडवायला बसले. पुनर्तपासणी करायची तर अशीच. सूची समोर असली की डोळा तिच्यातलाच आकडा शोधत राहतो.

(अ) मधला गोल लगेच पुसावा लागला. १ पॉइज म्हणजे ०.१ न्यूटन-सेकंद प्रति चौरस मीटर, असं मी फळ्यावर लिहीत आले आहे. तिने लिहिलं होतं ०.१ kg/(m·s). पण न्यूटन म्हणजे तरी काय? एक किलो वस्तुमानाला एक मीटर प्रति सेकंद वर्ग त्वरण देणारं बल, म्हणजे kg·m/s². त्याला सेकंदाने गुणलं आणि चौरस मीटरने भागलं की एक मीटर आणि एक सेकंद कटतो आणि उरतं ते kg/(m·s). वस्तू एकच, नावं दोन. मुलं खरी घसरतात ती पॉइजचा ०.१ करायला विसरून. तसं झालं की रेनॉल्ड्स संख्या ९०० ऐवजी ९० येते आणि दाबातली घट दसपट फुगते. दोन्ही उत्तरांत प्रवाह लॅमिनरच ठरतो, म्हणून ही चूक पटकन ध्यानात येत नाही. तिची संख्या ९०० होती, अगदी बरोबर.

खरा घोळ (ब) मध्ये होता. लॅमिनर प्रवाहासाठी हेगन-पॉइझेलच्या सूत्राने दाबातली घट येते ९६,००० पास्कल. इथपर्यंत तिचं आणि माझं एकमत. आता हा दाब मीटरमध्ये सांगायचा तर त्याला घनता आणि गुरुत्वत्वरण यांच्या गुणाकाराने भागायचं. तेलाची घनता ९००, म्हणून ८,८२९ ने भागलं की १०.८७ मीटर. माझ्या सूचीत मात्र ९.७९ मीटर होतं. कागदावर दोन मिनिटं पाहत बसले तेव्हा कळलं की मी ९,८१० ने भागलं होतं. ९,८१० हा पाण्याचा आकडा. आधीच्या गणितांत पाइपमधून पाणीच वाहायचं आणि हाताला तीच सवय लागलेली.

आता दोन्ही आकडे एकाच दाबाचे आहेत, हे खरं. डॉक्टर रक्तदाब १२० सांगतात तेव्हा ते पाऱ्याचे मिलिमीटर असतात. तोच दाब पाण्यात मोजला तर उंची १.६ मीटरच्या वर जाते. म्हणजे नुसतं ‘मीटर’ हे युनिट अपुरं आहे, कशाचे मीटर ते सांगावं लागतं. पण मग तेलाच्या पाइपसाठी ९.७९ ‘मीटर पाणी’ असं लिहिणाऱ्यालाही बरोबर म्हणायचं का? दाब विचारला असता तर हो. मी विचारला होता हेड लॉस. पाइपच्या दोन्ही टोकांना उभ्या काचनळ्या जोडल्या आहेत असं समजा. त्या नळ्यांत चढेल ते पाइपमधलंच तेल, आणि दोन पातळ्यांतला फरक भरेल १०.८७ मीटर. नळीत पाणी कुणी ओतलेलं नाही.

आणि इथेच तिचा ताळा मला फार आवडला. कागदाच्या मागे तिने h = f L V² / (2 g D) हे सूत्र मांडलं होतं. लॅमिनर प्रवाहात f म्हणजे ६४ भागिले रेनॉल्ड्स संख्या, म्हणून ०.०७११. लांबी, व्यास, वेग घातला की थेट १०.८७ मीटर. (f ची किंमत एक-चतुर्थांश धरणारी पुस्तकंही आहेत, त्यांच्या सूत्रात वर ४ असतो. दोन्हींची सरमिसळ केली की उत्तर चौपट किंवा पावपट येतं.) गंमत अशी की या सूत्रात शेवटी भागायला घनता कुठेच नाही. रेनॉल्ड्स संख्येत ती येऊन गेलेली असते. त्यामुळे पाणी की तेल हा घोटाळा करायला जागाच उरत नाही. उत्तर आपोआप वाहत्या द्रवाच्या मीटरमध्ये येतं. सूची करताना हा ताळा मी केला असता तर पत्राची वेळच आली नसती.

मग बाकीचे पेपर पुन्हा काढावे लागले. ‘तेल’ असं लिहिलेले आणखी चार निघाले, चौघांवर माझा तोच लाल शेरा. चौघांचेही मार्क वाढवले. ९.७९ लिहिणारे बरेच होते आणि त्यांना मी पूर्ण मार्क दिले होते. ते कापले नाहीत. त्यांच्यातल्या कित्येकांनी माझीच फळ्यावरची पद्धत उतरवली होती, त्याचा दंड त्यांना कशाला? वर्गात मात्र दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहून, सूचीत माझं कुठे चुकलं ते सांगितलं. तिचं नाव घेतलं नाही.

(क) मध्ये ७५४ हा आकडा बरोबर होता. दाबातली घट गुणिले सेकंदाला वाहणारं घनफळ, ते इथे ०.००७८५ घनमीटर. पण ज्यूल ही ऊर्जा आणि विचारली होती शक्ती, म्हणजे दर सेकंदाचे ज्यूल. ‘सेकंदाला’ हा शब्द गळला की किती वेळ पंप चालला हेच कळत नाही. हे kg/(m·s) सारखं दुसरं नाव नव्हे, ही वेगळीच राशी आहे. तो मार्क कापलेलाच राहिला आणि तिने पत्रात तो मागितलाही नव्हता.

प्रश्न ३ ला तिला ८ पैकी ३ होते, ते ७ झाले. पुढच्या चाचणीच्या पेपरात मी ‘हेड लॉस, वाहत्या द्रवाच्या मीटरमध्ये’ असं छापून घेतलं.